मनीऑर्डरच्या कुपनातला संसार

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. वीज गेली होती, टीव्ही बंद, मोबाइलही चार्जिंगवाचून बंद पडलेला. आम्ही दोघं ओसरीवर बसलो होतो. लग्नाला एकोणतीस वर्षं झालेली. मुलगी सासरी, मुलगा पुण्यात. बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. मग मी म्हणालो, "काहीतरी बोल की." बायको हसून म्हणाली, "आता बोलायचं काय राहिलंय? सगळं बोलून झालं."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते मला लागलं. त्या रात्री मला आमच्या घरातला पत्र्याचा एक डबा आठवला. बिस्किटांचा जुना डबा. त्यात माझ्या अम्मीनं जपून ठेवलेली मनीऑर्डरची कुपनं आहेत. नवराबायकोचं बोलणं कसं आटतं आणि कसं पुन्हा सुरू होतं, हे मी जे काही शिकलो ते त्या डब्यापाशी शिकलो. आज त्याचीच हकीकत सांगणार आहे.

आमचं गाव जुन्नरच्या पश्चिमेला. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांचा हा पट्टा डोंगराकडे पाऊस झोडपून काढणारा आणि उन्हाळ्यात घागरभर पाण्याला महाग करणारा. धरणांचं पाणी येण्याआधी इथं एका पिकावर घर चालत नसे. म्हणून घरटी एक पुरुष मुंबईला असायचा. मुंबईचे डबेवाले प्रामुख्यानं खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या भागातले हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यांच्याखेरीज कुणी भाजीबाजारात हमाली करायचा, कुणी गोदीत, कुणी गिरणीत. माझे अब्बा गिरणीत होते, साचेखात्यात. भायखळ्याला गाववाल्यांच्या एका खोलीत बारा-चौदा जण राहायचे. पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून एकाच वळकटीवर दिवसा एक आणि रात्री दुसरा झोपायचा. वर्षातून ईदला, पेरणीच्या दिवसांत आणि गावच्या उरुसाला अब्बा घरी यायचे. सगळे दिवस मिळून महिना भरत नसे.

बाकीचे अकरा महिने नवराबायकोत जे बोलणं व्हायचं ते मनीऑर्डरच्या कुपनावर. आजच्या मुलांना ही चीज ठाऊक नसेल, म्हणून नीट सांगतो. टपालखात्यानं मनीऑर्डरचं काम १८८० मध्ये हाती घेतलं आणि जुन्या पद्धतीची कागदी मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली. त्या फॉर्मच्या एका टोकाला एक छोटा तुकडा असायचा. पैसे पाठवणाऱ्यानं त्यावर चार ओळी मजकूर लिहावा, पोस्टमननं पैसे देताना तो तुकडा फाडून घेणाऱ्याच्या हाती द्यावा. हे कुपन. दुसरा एक तुकडा पोचपावतीचा. त्यावर घेणाऱ्याची सही किंवा अंगठा घ्यायचा आणि तो पाठवणाऱ्याकडे परत जायचा.

आता यातला पेच बघा. अब्बांना मराठी लिहिता येत नव्हतं. टपाल कचेरीबाहेर बसणारा लेखनिक त्यांच्या वतीनं लिहायचा. अम्मीला वाचता येत नव्हतं. पोस्टमन ओट्यावर बसून मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि तेव्हा दादी, चुलत्या, शेजारच्या दोन बाया हजर असायच्या. म्हणजे नवऱ्याचा शब्द बायकोपर्यंत पोचेतो दोन परक्या माणसांच्या हातून आणि सात-आठ जणांच्या कानांवरून जायचा. तिच्या उत्तराला जागा नव्हतीच. तिच्याकडून मुंबईला जायचा तो फक्त निळ्या शाईतला अंगठा.

असं उघड्यावरचं बोलणं कसलं होणार? डब्यातली कुपनं वाचली की कळतं. 'पैसे पाठविले आहेत. दुकानदाराचे देणे द्यावे. बैल बदलू नये. मुलांस जपावे.' दर महिन्याला हाच नमुना. पैसे, देणं, एक हुकूम, आणि शेवटी मुलांस जपावे. प्रेम नव्हतं असं नाही. पण प्रेमाचं बोलणं लेखनिकाला सांगायचं कसं, आणि सांगितलं तरी ते सासूसमोर वाचलं जाणार.

यात आमच्याच घरचं काही जगावेगळं होतं असं समजू नका. नवराबायकोनं वडीलधाऱ्यांसमोर बोलू नये, बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये, हा महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांचा जुना रिवाज. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या घरातही तेच. १८७३ मध्ये त्यांचं लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या आणि न्यायमूर्ती एकतीस वर्षांचे. नवऱ्यानं बायकोला शिकवावं हे घरातल्या बायकांना पसंत नव्हतं. रमाबाईंच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० च्या पुस्तकात तो सगळा जाच आला आहे. पण त्या दोघांमध्ये एक पुस्तक होतं, पुढं वर्तमानपत्र आलं. न्यायमूर्तींची दृष्टी अधू, म्हणून रमाबाई त्यांना वाचून दाखवायच्या. दोघांच्या मध्ये वाचायला काहीतरी असलं की त्याच्या आडून बाकीचंही बोलता येतं. आमच्या घरात तसं काही नव्हतं.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. महिन्यामागून महिने गेले आणि गिरण्यांतली माणसं वळकट्या बांधून गावाकडं निघाली. अब्बा त्याच वर्षी, पावसाच्या तोंडावर आले. मी तेव्हा बारा वर्षांचा. उरुसाला येतात तसे आलेत असं वाटलं. पंधरा दिवस गेले, महिना गेला, तरी ते गेले नाहीत. अब्बा आता घरीच राहणार हे हळूहळू कळलं.

आणि मग घरात एक विचित्र शांतता सुरू झाली. सोळा वर्षांच्या संसारात जे दोघं जेमतेम दीड वर्ष एका छपराखाली राहिले होते, त्यांना एकमेकांशी बोलायला काही सुचेना. पाहुणा असतो तोवर बोलणं सोपं असतं. मुंबईची गंमत सांगायची, गावची खबर द्यायची, निघायचा दिवस येतो. आता दिवस सरायचाच नाही. अब्बा बोलायचे ते कुपनासारखं. 'दार लावून घे. त्याला देऊन टाक. हे असं करू नको.' अम्मी पंधरा वर्षं शेत, सासू, देणेकरी एकटीनं सांभाळत आलेली. ती 'हूं' म्हणायची आणि तिला करायचं तेच करायची.

हळूहळू मी पोस्टमन झालो. "अब्बांना सांग, जेवण झालंय." "अम्मीला विचार, चाबी कुठंय." दोघं एकाच घरात, मध्ये फक्त एक भिंत, आणि निरोप्या मी. आज कुणाच्या घरी मुलांच्या तोंडून असे निरोप चाललेले ऐकले की मी ओळखतो, इथं बोलणं तुटलंय. भांडणारं घर त्यापेक्षा बरं. भांडताना निदान समोरासमोर यावं लागतं.

त्या शांततेला आणखी एक कारण होतं. ते आम्हाला बऱ्याच उशिरा उमजलं, आणि ते मनातलं नव्हतं, कानातलं होतं. साचेखात्यात शेकडो साचे एका वेळी धडधडतात. शेजारी उभा असलेला माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. तिथले कामगार ओठ वाचून आणि हातवारे करून बोलायला शिकतात. असा गोंगाट आठ-आठ तास, वर्षानुवर्षं कानावर पडला की ऐकणं कायमचं कमी होतं. पण ते असं कमी होतं की माणसाला आपण बहिरे झालोय असं वाटत नाही. आधी बारीक, उंच आवाज जातात. स, श, त, फ असे अक्षरांचे कंगोरे जातात, स्वरांचा जाड भाग तेवढा ऐकू येतो. हाक कळते, शब्द कळत नाही. पुरुषाचा जाड आवाज बरा समजतो, बायकांचा आणि मुलांचा समजत नाही.

म्हणजे चावडीवरच्या माणसांशी अब्बा तासन्‌तास बोलायचे आणि घरात अम्मीनं चुलीकडं तोंड करून काही विचारलं की गप्प राहायचे किंवा भलतंच उत्तर द्यायचे. अम्मीनं त्याचा सरळ अर्थ लावला: बाहेरच्यांसाठी वेळ आहे, माझं ऐकायचं नाही. तिनं विचारणं सोडलं. अब्बांना वाटलं, हिला आता माझी गरज नाही, स्वतःशीच पुटपुटत असते.

ध्यानात आलं ते दिव्यामुळं. कंदील जवळ असला, तिचं तोंड दिसत असलं की अब्बा बरोबर उत्तर द्यायचे. अंधारात, किंवा ती पाठमोरी असली की "क्या?" म्हणायचे. माझ्या मामूंनी ते हेरलं. पुढं नारायणगावला एका डॉक्टरांनी कान तपासले तेव्हा खरं ठरलं. यंत्र घेण्याची ऐपत तेव्हा नव्हती. अम्मीनं एवढंच केलं: बोलायचं असलं की हातातलं काम थांबवून समोर येऊन बसायची, आणि ओरडायची नाही. ओरडल्यानं चेहरा रागीट दिसतो आणि शब्द काही अधिक कळत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या किती घरांत हाच घोटाळा चालू असेल कोण जाणे. 'हे माझं ऐकतच नाहीत' हे वाक्य कधीकधी शब्दशः खरं असतं. मन दुखवून घेण्याआधी कान तपासावेत.

तरीही समोरासमोर बसून बोलायचं काय, हा प्रश्न राहिलाच. तो सुटला १९८४ च्या हिवाळ्यात, भुईमुगाच्या शेंगांवर. बियाण्यासाठी शेंगा हातानं फोडायच्या असतात. दाणा फुटता कामा नये, म्हणून घाई करता येत नाही. रात्री जेवणं झाली की कंदील मध्ये ठेवून आम्ही शेंगांच्या ढिगाभोवती बसायचो. हात गुंतलेले, डोळे मोकळे, कुणाला उठून जाता येत नाही. एका रात्री मी बियाण्याची पुरचुंडी शोधताना फळीवरून तो बिस्किटांचा डबा काढला. आत कुपनांची चळत. मी गंमत म्हणून एकेक वाचायला लागलो.

पहिली काही कुपनं वाचताना दोघं हसली. मग १९७३ चं एक कुपन आलं. दुष्काळाचं वर्ष. 'पैसे कमी पाठवीत आहे. ईदला येणे होणार नाही. शेळी विकू नये. मुलांस जपावे.'

अब्बांचा हात थांबला. म्हणाले, "विकलीच होतीस तू."

त्या शेळीबद्दल घरात अकरा वर्षांत एक शब्द निघाला नव्हता. पुढच्या खेपेला अब्बा आले तेव्हा दावं रिकामं दिसलं होतं. त्यांनी विचारलं नाही, कारण दादी समोर होती. अम्मीनं सांगितलं नाही, कारण तिनं हुकूम मोडला होता. आपला शब्द या घरात चालत नाही, ही गाठ अब्बांनी त्या दिवशी मनात बांधली आणि अकरा वर्षं सांभाळली.

अम्मीनं शेंग खाली ठेवली आणि समोर बघून सांगायला लागली. ते कुपन आलं त्याच्या चार दिवस आधी शेळी विकून झाली होती. मला गोवर निघालेला, मी तीन वर्षांचा, ताप डोक्यात चढलेला. एसटी बंद पडली म्हणून मला पाठीशी बांधून ती जुन्नरपर्यंत चालत गेली. शेळीचे पैसे औषधाला गेले. मग घरात दाणा नव्हता म्हणून दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली, दोन महिने. मुंबईला कळवणार कसं? पोस्टमनला पोचपावतीवर अंगठा हवा होता, तो तिनं दिला.

मी अब्बांकडं बघत होतो. मला वाटलं होतं ते विचारतील, 'मला का नाही सांगितलंस?' तसं विचारलं असतं तर तिथंच सगळं संपलं असतं. 'का' म्हटलं की समोरचा माणूस कोर्टात उभा राहतो. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कुणाला विकलीस?"

तिनं नाव सांगितलं.

"किती दिले त्यानं?"

"पंचेचाळीस."

"लुबाडलं. साठाची होती." आणि मग, "खडी कुठं फोडायचीस? रस्त्यावर का तलावावर?"

त्या रात्री शेंगा फोडायच्या राहिल्या. पाठीवर मूल घेऊन खडी कशी फोडतात, मुकादम हजेरी कशी लावायचा, मिळायच्या त्या लाल मिलोच्या भाकरीला चव कशी नसायची, हे सगळं अब्बा एकेक करून विचारत गेले. दुसऱ्या रात्री अम्मीनंच डबा काढला. तिला एक कुपन हवं होतं, डिसेंबर १९८१ चं. ते पूर्ण कोरं होतं. पैसे आले, मजकूर नाही. तिनं महिनाभर कुणाला न सांगता जीव टांगणीला लावला होता. अब्बा म्हणाले, संपाचं वारं वाहत होतं, ते लिहावंसं वाटत होतं. पण पोस्टमन ओट्यावर मोठ्यानं वाचणार, सावकाराच्या कानावर जाणार, आणि नोकरी डळमळीत आहे म्हटल्यावर तो दारात येऊन बसणार. म्हणून लेखनिकाला सांगितलं, काही लिहू नकोस.

तो हिवाळा असा गेला. एक कुपन, आणि त्याच्यामागं राहिलेली खरी हकीकत. तिला मुंबई माहीत नव्हती. वळकटीवर पाळीनं झोपण्याचं तिला पहिल्यांदा कळलं. त्यांना गाव माहीत नव्हतं. कुठला बांध कुणी सरकवला, कुणाशी बोलणं बंद आहे, हे ती त्यांना सांगायची. दोघांनाही वाटत होतं की आपल्याला समोरच्याचं सगळं ठाऊक आहे. ठाऊक होती ती चार ओळींची कुपनं.

याचा मी फार गोड अर्थ काढत नाही. त्या वर्षांत गावाकडं परतलेल्या काही घरांत दारू शिरली, मारहाण शिरली. तिथली बाई गप्प होती ती भीतीनं. तिथं शेंगा आणि कंदील काय करणार? ते दुखणं वेगळं, त्याचा इलाजही वेगळा. आणि अम्मी-अब्बाही त्यानंतर कायम बोलतच बसायचे असं नाही. पुष्कळ संध्याकाळी दोघं ओट्यावर गप्प असायची. पण मधला निरोप्या गेला. माझी पोस्टमनकी सुटली ती सुटलीच.

आता पुन्हा गेल्या पावसाळ्यातल्या त्या ओसरीवर येतो. बायको 'सगळं बोलून झालं' म्हणाली तेव्हा मी मनातल्या मनात आमच्या मोबाइलवरचे निरोप आठवले. 'दूध आणा.' 'गोळी घेतली का?' 'गॅस आला.' 'उशीर होईल.' हीसुद्धा कुपनंच की! एकोणतीस वर्षं एका घरात राहून आम्ही दोघंही मनीऑर्डरवर आलो होतो.

ती अंगणवाडीत काम करते. वस्तीवरची अंगणवाडी, रस्ता उसातून. मी तिला इतक्या वर्षांत 'आज काय झालं' असं पुष्कळदा विचारलंय आणि 'काही नाही' हे उत्तर ऐकलंय. त्या रात्री अब्बांसारखं विचारून बघितलं. म्हटलं, "त्या उसातल्या रस्त्यानं येताना संध्याकाळ होते. बिबट्याचं भय नाही वाटत?"

म्हणाली, "वाटतं. म्हणून गाते."

"काय करतेस?"

"गाते. मोठ्यानं. वनखात्याची माणसं सांगून गेली होती, एकटं जाताना आवाज करत जा, बिबट्या माणसाचा आवाज ऐकला की बाजूला होतो. बाकीच्या बायका मोबाइलवर गाणी लावतात. माझ्या मोबाइलचा आवाज बारीक, म्हणून मी स्वतःच गाते."

"किती वर्षं?"

"झाली की दहा-बारा."

मी कविता लिहिणारा माणूस. गावोगाव मुशायऱ्यांना आणि कविसंमेलनांना जातो. माझी बायको दहा-बारा वर्षं रोज संध्याकाळी उसातून मोठ्यानं गात घरी येते, हे मला ठाऊक नव्हतं.

मी विचारलं, "कुठलं गाणं?"

वीज आली तेव्हा ती तेच सांगत होती. उठून दिवा लावायचं दोघांच्याही ध्यानात आलं नाही.